आईला घरभाडं द्यायचं आणि तिने ते परत करायचं : ही करबचत की करचोरी?

मुक्तछंद
आमच्या ऑफिसात जानेवारी आला की सगळ्यांना आईवडील आठवतात. एचआरकडून मेल येतो, "भाड्याच्या पावत्या अपलोड करा", आणि मग चहाच्या टेबलावर एकच विषय.

माझी परिस्थिती सांगतो. कोथरूडचा फ्लॅट आईच्या नावावर आहे. वडील गेल्यानंतर आई, मी, बायको आणि मुलगी असे चौघे तिथेच राहतो. माझा वर्षाचा पगार २० लाख, त्यात बेसिक महिन्याला ८० हजार आणि घरभाडे भत्ता ३२ हजार. नाशिकला एक फ्लॅट घेतलाय, सध्या बंदच असतो, त्याच्या कर्जावर दोन लाखांहून जास्त व्याज जातं. जुनी करप्रणाली घेतली तर भत्त्यावर सूट मिळू शकते, पण त्यासाठी भाडं दाखवायला हवं.

सहकाऱ्याचा सल्ला असा : आईशी भाडेकरार कर, दर १ तारखेला ३० हजार तिच्या खात्यात टाक, ५ तारखेला तिने ते तुझ्या बायकोच्या खात्यात टाकायचे. आईला इतर फारसं उत्पन्न नाही, फक्त २० हजार कौटुंबिक पेन्शन. म्हणजे तिला कर नाही, तुझा वाचला, पैसे घरातच. तो ज्याच्याकडून विवरणपत्र भरून घेतो तो सीए म्हणाला, "यात बेकायदेशीर काही नाही."

बायको म्हणाली, "म्हणजे सरकारला दाखवायला सासूबाईंना घरमालकीण करायचं?" तिथे गाडी अडली. मला दोन प्रश्न आहेत. हे खरंच कायदेशीर आहे का? आणि असलं, तरी बरोबर आहे का?

---

सदाशिव_पेठी
भाडं थकलं तर आई घर खाली करायला सांगेल काय, एवढं फक्त आधी विचारून ठेवा.

---

कोकणकन्या
यात चुकीचं काय ते मला खरंच कळत नाही. घर आईचं आहे. तिने ते बाहेर भाड्याने दिलं असतं तर तिला पैसे मिळालेच असते. मुलाला दिलं म्हणून फुकट द्यायचं, हा कुठला न्याय? मी सासूबाईंना गेली कित्येक वर्षं दरमहा भाडं देते. करार आहे, बँकेतून पैसे जातात आणि त्या स्वतःच्या विवरणपत्रात ते दाखवतात. त्यांना हातखर्चाला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. कर वाचतो ती वरची मलई.

मुक्तछंद, तुमच्या गोष्टीत खटकतं ते भाडं नाही, ५ तारीख खटकते.

---

अंतू_ठाणेकर
एवढा विचार करायचं कारण नाही. आईवडिलांना भाडं दिलेलं चालतं, फक्त बायकोला दिलेलं चालत नाही, कायद्यातच बंदी आहे. आणि ते गार नावाचं करटाळणीविरोधी कलम ३ कोटींच्या वरच्या करलाभालाच लागतं. आपण ३ कोटींच्या खाली, म्हणजे जे करू ते कायदेशीरच. पगारदार माणसाचा कर पगार हातात यायच्या आधीच कापतात. दुकानदार, बिल्डर काय करतात ते आपण बघतोच. मग आपणच हरिश्चंद्र का व्हायचं?

---

टिपणवही
बरीच वर्षं प्राप्तिकर खात्यात काम केलंय, आता सांगलीत निवांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंतूशेठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. बायकोला भाडं देण्यावर कायद्यात बंदी नाही. घर खरोखर तिच्या पैशाचं असेल आणि भाडं खरोखर दिलं असेल तर न्यायाधिकरणांनी अशी सूट मान्यही केली आहे. भानगड होते ती घर नवऱ्याच्या पैशाने घेतलेलं असतं तेव्हा. मग ते भाडं फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात येतं. आईवडिलांच्या बाबतीत हे एकत्रीकरण होत नाही, म्हणून सगळ्यांना आई आठवते.

३ कोटींचंही तसंच. त्याखाली ते विशिष्ट कलम लागत नाही, एवढंच. खोटा व्यवहार ३ हजारांचा असला तरी खोटाच, आणि तो नाकारायला अधिकाऱ्याला गारची गरज पडत नाही. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे.

आता मूळ प्रश्न. मुंबईच्या प्राप्तिकर न्यायाधिकरणाचा २०१७ चा एक निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. एक बाई आईला भाडं देते असं दाखवत होत्या. करार नाही, भाडं रोखीत, आणि सगळी चिन्हं अशी की त्या प्रत्यक्षात नवऱ्याबरोबर स्वतःच्या घरी राहत होत्या. सूट गेली. पण ती आईला भाडं दिलं म्हणून नाही गेली. भाडं दिलं आणि त्या घरात राहिल्या, हेच सिद्ध झालं नाही म्हणून गेली.

म्हणजे कायदा नातं बघत नाही. तुम्ही त्या घरात राहता का, पैसे खरोखर गेले का, आणि ज्याला गेले त्याचे ते झाले का, हे बघतो. कोकणकन्यांच्या सासूबाईंचे पैसे त्यांचे झाले. मुक्तछंद यांच्या आईचे चार दिवसांसाठी होतात.

---

मिरची
कायद्याचं झालं, आता दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघणार आहे का?

मी परभणीची. पुण्यात भाड्याने राहते, महिन्याला २२ हजार मोजते. ते पैसे मालकाला गेले की गेले, ५ तारखेला परत येत नाहीत. घरभाड्याची सूट माझ्यासारखीसाठी आहे, कारण तो खर्च झाल्यावर हातात काही उरत नाही. ज्याच्या आईचं कोथरूडला घर आहे त्याला भाड्याची झळ मुळात नाही, आणि सूट मात्र माझ्यापेक्षा जास्त. माझ्या आईवडिलांकडे पुण्यात फ्लॅट असता तर मलाही ही पळवाट मिळाली असती. म्हणजे पळवाट कायद्याने सगळ्यांना उघडी असली तरी तिच्यातून जायला आधी आईवडिलांनी घर घेतलेलं लागतं.

बेकायदेशीर नसेल. पण मला राग येतो, आणि तो मत्सर नाही.

---

कोकणकन्या
@मिरची, मुद्दा पटतो, पण अर्धाच. तुमचा घरमालक त्या २२ हजारांवर कर भरतो का, कधी विचारलंय? माझ्या सासूबाईंचं भाडं निदान कागदावर आहे. आणि "ज्यांच्याकडे आहे त्यांनाच मिळतं" हे गृहकर्जाच्या व्याजालाही लागू आहे, विम्यालाही आहे. मग प्रत्येक सवलतच अनैतिक म्हणायची का?

---

मिरची
नाही. गृहकर्जाचं व्याज बँकेला जातं, ते परत येत नाही. माझं म्हणणं त्या परत येण्याबद्दलच आहे. तुमच्या सासूबाई ते पैसे स्वतः खर्च करत असतील तर माझा तुमच्यावर राग नाही. थोडा आहे. पण कमी.

---

हरी_ओम_७१
माझा घरमालक पॅन द्यायला तयार नाही. म्हणतो, पावती देतो पण पॅन देणार नाही. वर्षाला दीड लाख भाडं आहे. काय करू?

---

टिपणवही
@हरी_ओम_७१, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की कंपनी मालकाचा पॅन मागणारच. तो देत नाही याचा अर्थ त्याला ते उत्पन्न दाखवायचं नाही. भाडं बँकेतून देत रहा, करार नोंदवलेला असू द्या, म्हणजे विवरणपत्र भरताना तुमची बाजू भक्कम राहील. कोणाचा तरी दुसराच पॅन टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. आता यंत्रणा आकडे ताडून बघते. एप्रिल २०२४ मध्ये अशा न जुळणाऱ्या आकड्यांवरून बरीच घबराट झाली होती, तेव्हा जुनी प्रकरणं सरसकट उघडण्याची कुठलीही खास मोहीम नाही, असं प्रत्यक्ष कर मंडळाला जाहीर करावं लागलं.

---

नाना_तासगावकर
शहरातली मंडळी ३० हजारांवर भांडताय, आमच्याकडे या. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, ही त्याहून मोठी पळवाट. ज्याने आयुष्यात द्राक्षबागेत पाऊल टाकलं नाही असा डॉक्टर बागेचं उत्पन्न दाखवतो. बाग कागदावर, द्राक्षं कागदावर, बेदाणाही कागदावर. खऱ्या बागेवर अवकाळी पडतो, याच्या बागेवर कधी पडत नाही.

---

सदाशिव_पेठी
नाना, त्या बागेचं वाण सांगा, आम्हीही लावू.

---

टिपणवही
नाना, ती पळवाट नाही, ती सरळ चोरी. दवाखान्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून सांगणं हे खोटं बोलणं झालं. खरी पळवाट वेगळी : ज्याची खरोखर शंभर एकर बागायत आहे आणि कोट्यवधींचं उत्पन्न आहे, त्यालाही कर शून्य. तो खोटं काही बोलत नाही. दुसरं उत्पन्न असेल तर दर ठरवायला शेतीचं उत्पन्न हिशेबात धरतात, तेवढीच काय ती झळ. त्याच्याबद्दल काय म्हणायचं ते मिरचीताई सांगतील. पण हा वेगळा धागा होईल, इथे नको.

---

थेम्सकाठचा_गणू
इकडे इंग्लंडात हा वाद नव्वद वर्षांचा आहे, आणि तोही घरच्याच माणसांवरून सुरू झालेला. वेस्टमिन्स्टरचा ड्यूक माळ्याला पगार देण्याऐवजी करारपत्र करून दर आठवड्याला ठराविक रक्कम देऊ लागला. पगाराची वजावट मिळत नव्हती, करारातल्या रकमेची मिळत होती. माळी तोच, काम तेच, पैसेही जवळपास तेवढेच. करखातं म्हणालं हा पगारच आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकच्या बाजूने निकाल दिला : आपला कर कमीत कमी बसेल अशी व्यवस्था लावायचा प्रत्येकाला हक्क आहे.

पुढे १९८१ मध्ये रॅमसे नावाच्या कंपनीच्या खटल्यात वारं फिरलं. तिथे पैसे एका दारातून बाहेर काढून, गोल फिरवून दुसऱ्या दाराने आत आणले होते, मधल्या मध्ये कागदावर तोटा तयार केला होता. न्यायालय म्हणालं, एकेक पायरी सुटी बघणार नाही, सगळी साखळी एकदम बघणार. मुक्तछंद यांची १ आणि ५ तारीख वाचून मला हाच खटला आठवला. भाडं देणं कायदेशीर. आईने सुनेला पैसे देणंही कायदेशीर, त्यावर सुनेला कर नाही. दोन्ही एकत्र ठेवले की काय उरतं? काहीच घडलेलं नाही, एवढंच उरतं.

---

अंतू_ठाणेकर
इंग्लंडचं इंग्लंडात. आपल्याकडे व्होडाफोन जिंकलीच ना २०१२ ला? ११ हजार कोटींचा कर, केमन बेटावरच्या एका कंपनीचा शेअर विकत घेऊन टाळला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. मोठ्यांना चालतं, मग आमच्या ३० हजारांवरच दुर्बीण का?

---

टिपणवही
व्होडाफोन जिंकली, हे खरं. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की व्यवहार अख्खा बघायचा, आणि निव्वळ बनाव असेल तर तो उडवायचा. तिथे व्यवहार खरा होता. शेअर विकणारी हचिसन कंपनी खरोखर भारतातून बाहेर पडली, व्होडाफोनने खरोखर अब्जावधी डॉलर मोजले आणि ते परत आले नाहीत. सरकारने त्याच वर्षी मागच्या तारखेपासून कायदा बदलला, आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घेतला, ते महाभारत निराळं. आणि त्याआधी १९८५ च्या मॅकडॉवेल निकालात सर्वोच्च न्यायालय याहून कडक होतं : कायद्याच्या चौकटीत करनियोजन करा, पण दिखाऊ युक्त्या हा त्याचा भाग नाही. या दोन निकालांमध्ये नेमकी रेघ कुठे, यावर आम्ही वकिलांबरोबर आयुष्यभर भांडलो. अजून मिटलेलं नाही.

पण नीतीचं बाजूला ठेवून मुक्तछंद यांचा हिशेब कोणी केला का? मी केला. गंमत आहे.

२०२५-२६ साठी. जुन्या प्रणालीत २० लाखांतून प्रमाणित वजावट ५० हजार, ८०सी चे दीड लाख, नाशिकच्या कर्जाचे दोन लाख आणि विम्याचे २५ हजार, हे सगळं भरता असं धरलं. उरले १५ लाख ७५ हजार. आता घरभाडं. भाडं वर्षाचं ३ लाख ६० हजार, त्यातून बेसिकच्या १० टक्के म्हणजे ९६ हजार वजा, सूट बसते २ लाख ६४ हजार. करपात्र उरले १३ लाख ११ हजार, त्यावर उपकरासह कर २ लाख १४ हजार.

नव्या प्रणालीत यातलं काहीच नाही. फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे १९ लाख २५ हजारांवर कर. तो येतो १ लाख ९२ हजार.

म्हणजे आईला घरमालकीण करून, करार करून, महिन्याला पैसे फिरवून तुम्ही २२ हजार जास्त भरणार. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला जुना आहे. २०२४-२५ च्या दरांत याच आकड्यांवर सुमारे ६४ हजार वाचले असते. आता टप्पे बदलले.

---

सदाशिव_पेठी
दोन दिवस नीती-अनीती चालली होती आणि आता कळतंय की पापही तोट्यात होतं.

---

अंतू_ठाणेकर
थांबा, थांबा. मग भाडं वाढवा. ४० हजार करा. मी मांडून बघितलं : सूट ३ लाख ८४ हजार होते, कर पावणेदोन लाखांच्या आसपास येतो. नव्या प्रणालीपेक्षा सुमारे १६ हजार वाचतात. आईला भाडं आणि पेन्शन धरूनही नव्या प्रणालीत कर शून्यच.

---

टिपणवही
अंतूशेठ, आकडा बरोबर. १५ हजार ८०० वाचतात. ४० च्या पुढे मात्र काही नाही, कारण भत्ताच तेवढा आहे.

आणि बघा, तुम्ही ४० पर्यंत कसे आलात? कोथरूडमध्ये काय भाडं चालतं हे बघून नाही, कर किती वाचवायचा तिथून उलटं मोजत आलात. मी अशी प्रकरणं तपासायचो तेव्हा हेच आधी बघायचो. भाडं पगाराच्या गणितात इतकं चपखल बसलेलं असायचं की एक रुपया इकडेतिकडे नाही. खरं भाडं असं कधी नसतं. शिवाय आई त्याच घरात राहते, त्यामुळे भाड्याने घेतलंय ते अख्खं घर नाही, त्यातल्या एकदोन खोल्या. त्यांचे ४० हजार कोण देईल?

---

मिरची
तिसऱ्या माणसाने त्या खोल्या जेवढ्याला घेतल्या असत्या तेवढंच भाडं. एवढंच माझं म्हणणं होतं, मला ते इतक्या शिस्तीत मांडता आलं नाही.

---

कोकणकन्या
पण मग बाजारभावाने, बँकेतून, करार करून आईला दिलं, आईने ते स्वतःच्या नावावर ठेवीत टाकलं, आणि ती ठेव शेवटी मुलालाच मिळणार आहे. ते परत येणं आहे की नाही? पाच दिवसांनी आलं तर बनाव आणि वीस वर्षांनी आलं तर वारसा? मध्ये रेघ कुठे मारायची?

---

टिपणवही
वीस वर्षांत आईचं मन बदलू शकतं. ती ठेव मुलीला देऊ शकते, देवळाला देऊ शकते. पाच दिवसांच्या गोष्टीत तिच्या मनाला जागाच नाही. पण सहा महिन्यांनी तिने नातीच्या शाळेची फी भरली तर? मी सूट मान्य केली असती. सगळेच करतील असं नाही.

---

सोसायटी_सचिव
एक व्यावहारिक शंका. आमच्या सोसायटीत एका सभासदाचा मुलगा असाच "भाडेकरू" आहे. बिनभोगवटा शुल्क लावलं तर वडील म्हणतात, मुलगा कुटुंबातला, शुल्क लागत नाही. ते बरोबरही आहे, जवळच्या नातेवाइकांना ते लागत नाहीच. पण मग मुलाने कंपनीत दिलेल्या करारात तो भाडेकरू. करार नोंदवलेला आहे का विचारलं तर दोघंही माझ्याकडे बघत बसले. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची, म्हणजे इथे वडिलांची. मी कोणाकडे तक्रार करणार नाही, पण नाहरकत पत्र देताना त्याला काय म्हणायचं?

---

सदाशिव_पेठी
भाडेकरू चिरंजीव.

---

नाना_तासगावकर
माझ्या डॉक्टरचं राहिलंच. तो दर वर्षी गावच्या जत्रेला देणगी देतो आणि पहिला मान घेतो. त्याचं काय करायचं ते तुमच्यातलं कोणी सांगेना.

---

मुक्तछंद
सगळ्यांचे आभार. टिपणवही काका, तुमचे आकडे रात्री आमच्या टेबलावर मांडले. एचआरला नवी प्रणाली कळवली, पावत्यांचा विषय माझ्यापुरता संपला.

पण घरात दुसराच सुरू झाला. आई सगळं ऐकत होती. म्हणाली, कराचं तुम्ही बघा, पण भाड्याची कल्पना मला आवडली. १५ हजार दे, परत मात्र मिळणार नाहीत. बायकोने लगेच दुजोरा दिला. आता सूट शून्य आणि भाडं चालू.

आणि मिरची, एक सांगायचं होतं. हिशेब ६४ हजार फायद्याचा निघाला असता तर मी काय केलं असतं, हे बायकोने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

---

अंतू_ठाणेकर
१५ हजारांचा करार नोंदवून ठेवा. पुढच्या बजेटमध्ये टप्पे परत बदलले तर कागद तयार असलेला बरा.

---

टिपणवही
नोंदवाच. आणि वर्षाचं भाडं एक लाख ८० हजार झालं, त्यातून ३० टक्के वजा होऊन उरलेलं आईंच्या उत्पन्नात येईल. पेन्शन मिळवून एकूण चार लाखांच्या खालीच राहतंय, त्यामुळे विवरणपत्र सक्तीचं नाही. तरी भरा. भाडं खरं आहे हे आईंच्या सहीने कुठेतरी लिहिलेलं असू द्या.